कच्छ क्षेत्र अभ्यासासाठी विद्यार्थ्यांना लिहिलेले पत्र : स्तरछेद मोजण्याविषयी सूचना हव्यात

भूस्तर_मुंबई (धागाकर्ती)

मी मुंबईतील एका महाविद्यालयात भूविज्ञान शिकवते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तृतीय वर्षाच्या चौदा विद्यार्थ्यांना कच्छला न्यायचे ठरले आहे. त्यांना देण्यासाठी लिहिलेले पत्र खाली देत आहे. आपल्यापैकी ज्यांनी कच्छच्या उन्हात पाठीवर दगड वाहिले आहेत, त्यांनी ते वाचून काय सुटले आहे ते सांगावे.

«प्रिय विद्यार्थ्यांनो,

तुम्ही ज्या शहरात वाढलात ते लाव्हाच्या थरांवर उभे आहे. गिल्बर्ट हिलचे खांब, मढ आणि गोराईचे फिकट ज्वालामुखी खडक, घाटातले काळे कडे हे तुमच्या ओळखीचे आहेत. पण समुद्राच्या तळाशी गाळ साठून झालेला खडक त्याच्या मूळ जागी उभा असलेला तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नाही. म्हणून आपण बांद्रा टर्मिनसहून कच्छ एक्सप्रेसने भुजला जाणार आहोत. भुजच्या दक्षिणेकडील डोंगररांगेत, लेर गावाच्या परिसरात, आपण एकच छेद तीन दिवस पाहू. अनेक ठिकाणी धावती भेट देण्यापेक्षा एका ओढ्याच्या काठाने खालपासून वरपर्यंत प्रत्येक थर हाताने मोजणे मला अधिक मोलाचे वाटते.

तिथे तुम्हाला धोसा ऊलाइट भेटेल. सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वीच्या जुरासिक समुद्रातील हा लोहयुक्त, बारीक गोल कणांचा खडक चारी नावाच्या स्तरसमूहाचा माथा आहे. त्याच्या अगदी वर गोट्यांनी आणि अमोनाइट या नामशेष सागरी जीवांच्या कवचांनी भरलेला एक पातळ थर आहे आणि त्यानंतर एकदम कटरोल नावाच्या स्तरसमूहाचे शेल, म्हणजे चिखलाचे पापुद्रेदार खडक, सुरू होतात. तुम्हाला सोडवायचा प्रश्न एकच आहे : या छेदात काळ सर्वांत जास्त कुठे सरला, आणि तो तुम्ही कशावरून ओळखला?

तीन जणांच्या गटात, आणि एका गटात एक जण कमी अशा रीतीने, काम होईल. एक मोजेल, एक पाहून सांगेल, एक लिहील, आणि दर अर्ध्या दिवसाने कामे बदलतील. नोंद नेहमी खालून वर जाईल. जो भाग मातीने किंवा काटेरी झुडपांनी झाकला आहे, तो वहीत 'झाकलेला' असाच लिहायचा. तिथे काय असावे याचा अंदाज रेषेत भरायचा नाही. जागच्या खडकातले जीवाश्म काढायचे नाहीत. सुट्या दगडात सापडलेल्या अमोनाइटाचे छायाचित्र घेता येईल, पण त्याला कोणत्याही थराचा क्रमांक द्यायचा नाही, कारण तो उतारावरून वरून घरंगळत आलेला असू शकतो.

मोजणीचे एक उदाहरण आत्ताच सोडवून ठेवा. सपाट ओढ्यात स्ट्राइकला, म्हणजे थरावरच्या आडव्या रेषेच्या दिशेला, काटकोनात टेप धरला तर ४२ मीटर भरतो आणि थरांचा डिप, म्हणजे आडव्या पातळीपासूनचा कल, ८ अंश आहे. खरी जाडी ४२ मीटर नाही. ती ४२ गुणिले साइन ८, म्हणजे जवळजवळ ५.८ मीटर आहे. हे मनाशी बसले असेल तरच छेदावर पाय ठेवा.

तुमची शिक्षिका»

सूक्ष्मदर्शी

पत्र सुरेख आहे. माझी शंका साधी आहे. चौदा जणांसाठी छेद करायचे तर दगड कापण्याचे यंत्र आणि काचपट्ट्या तिथे नेणार का? मी वनस्पतिशास्त्राची असल्यामुळे छेद म्हटला की मला पातेने घेतलेली पातळ चकती दिसते, आणि खडकाचा असा पातळ छेद करायला प्रयोगशाळेत बराच वेळ लागतो असे ऐकून आहे.

भूस्तर_मुंबई

शंका रास्त आहे, कारण आमच्याकडेही खडकाच्या त्या पातळ चकतीला छेदच म्हणतात. इथे मात्र अर्थ वेगळा आहे. ओढ्याने किंवा रस्त्याच्या खोदाईने जमीन कापली की तिची बाजू उघडी पडते आणि थर एकावर एक दिसतात. त्या उघड्या बाजूला आम्ही स्तरछेद म्हणतो. कापण्याचे काम पाण्याने केव्हाच केले आहे, आपण फक्त मोजतो. तुमचा अर्थ परत आल्यावर उपयोगी पडेल, कारण धोसाचे गोल कण आतून कसे बनले आहेत ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. पत्रात 'स्तरछेद' असाच शब्द करते.

गडवाट

मॅडम, एवढ्या लांब जायची गरज मला पटत नाही. मी वीस वर्षे सह्याद्रीत फिरतो आहे. हरिश्चंद्रगडापासून राजमाचीपर्यंत आडवे थर इतके स्पष्ट दिसतात की मुले एका रविवारी दहा थर मोजतील. खालचा जुना, वरचा नवा हा नियम तिथेही लागू पडतो. शिवाय दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो, तो गाळच आहे ना?

भूस्तर_मुंबई

खालचा जुना आणि वरचा नवा, हे तुमचे म्हणणे घाटातही अगदी खरे आहे, आणि आमची मुले प्रथम वर्षी तिथेच जातात. पण ते थर वितळलेल्या खडकाचे प्रवाह आहेत, साठलेला गाळ नव्हे. प्रवाहाच्या माथ्याजवळ वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या दिसतात आणि त्यांत पांढरी खनिजे भरलेली असतात. गाळाच्या खडकात तसे होत नाही. लाल पट्टा बहुतेक ठिकाणी एक प्रवाह थंड झाल्यावर आणि दुसरा येण्यापूर्वी हवापाण्याने झिजलेल्या पृष्ठभागाची खूण आहे. तो काळ सरल्याचे सांगतो, आणि त्या अर्थाने तुम्ही माझ्या प्रश्नाच्या जवळच आहात. फरक हा की तिथे थांबण्याची खूण ठळक लाल असते. धोसाच्या माथ्यावर ती हात फिरवून शोधावी लागते.

पायाभरणी

मी बांधकाम अभियंता आहे, त्यामुळे विषयाला थोडे सोडून लिहीत असेन तर माफ करा. वरळीला एका इमारतीच्या पायासाठी विंधन केले, तेव्हा बेसॉल्टच्या खाली काळसर, पातळ पापुद्र्यांचा मऊ दगड लागला. नळीतून बाहेर काढल्यावर तो वाळला आणि हातात चुरगळू लागला. पायाची खोली त्यामुळे बदलावी लागली. तेव्हा एका ज्येष्ठाने सांगितले की हा तळ्याचा गाळ आहे. मग गाळाचा खडक मुंबईतच आहे, तर विद्यार्थ्यांना तो का दाखवू नये?

जुना_हातोडा

तुमच्या नळीत आलेला दगड बहुधा लाव्हाच्या दोन प्रवाहांमधला तळ्याचा गाळच असावा. वरळीच्या याच थरांतील लहान बेडकांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केले होते, आणि त्याच थरांत कासवाचे अवशेषही मिळाले होते. ते थर गोड्या पाण्याचे आहेत, पातळ आहेत आणि आता बहुतांश इमारतींखाली गेले आहेत. पायाची खोदाई चालू असते तेवढे दिवस ते दिसतात आणि मग काँक्रीटखाली जातात. चौदा विद्यार्थ्यांना उघड्या बाजूवर उभे करून तीन दिवस काम करता येईल अशी जागा तिथे उरलेली नाही. तुमच्याकडे नळीची छायाचित्रे आणि खोलीची नोंद असेल तर ती महाविद्यालयाला जरूर द्यावीत. अशा नोंदी एरवी कचऱ्यात जातात आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता पत्राकडे येतो. मी कच्छमध्ये बरीच वर्षे काम केले आहे. मॅडम, तुमचे ४२ मीटरचे उदाहरण बरोबर आहे, पण ते सपाट ओढ्याचे आणि काटकोनातल्या टेपचे आहे. मुले प्रत्यक्षात ओढ्याच्या वळणाने चालतील, आणि तिथे दोन्ही अटी मोडतील. हे पत्रात यायला हवे.

गणिती_पाऊल

ओढा वळला म्हणून काय बिघडते? मी सर्वेक्षणाचे काम करतो. टेपचे अंतर घ्यायचे आणि डिपच्या साइनने गुणायचे, एवढेच सूत्र आहे. डिप बदलला नाही तर जाडीही बदलणार नाही.

जुना_हातोडा

सूत्र बरोबर आहे, ते लागू होण्याची अट मात्र सुटली आहे. समजा ओढा स्ट्राइकला काटकोनात न जाता ५० अंशांत जातो. मग ४२ मीटरपैकी थरांना आडवे छेदणारे अंतर ४२ गुणिले साइन ५०, म्हणजे ३२.२ मीटर एवढेच उरते. जाडी ५.८ ऐवजी ४.५ मीटर येते. म्हणजे मुलांनी वळण विसरले तर सव्वा मीटरहून अधिक खडक कागदावर जास्त तयार होतो.

उतार याहून घातक आहे. तेच ४२ मीटर काटकोनातच मोजले, पण जमीन डिपच्या विरुद्ध दिशेने ५ अंश उतरत असेल तर दोन्ही कोन मिळवावे लागतात, साइन १३ घ्यावा लागतो आणि जाडी ९.४ मीटर येते. जमीन डिपच्याच दिशेने ५ अंश उतरत असेल तर कोन वजा होतात, साइन ३ राहतो आणि जाडी फक्त २.२ मीटर. टेपवर आकडा एकच, खडक मात्र चौपटीहून अधिक वेगळा. कमी डिपच्या थरांत दिशा विसरणे याच कारणाने परवडत नाही. याशिवाय ८ ऐवजी ९ अंश वाचला तरी ५.८ चे ६.६ मीटर होतात. म्हणून एकाच थरावर पाच-सहा ठिकाणी वाचन घ्यावे, आणि थराचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर त्यावर वही ठेवून वहीवर कल मोजणारा क्लायनोमीटर ठेवावा.

गणिती_पाऊल

उताराचे गणित मी सोडवून पाहिले आणि तुमचे आकडे बरोबर आले. आमच्या कामात जमीन मोजायची असते, तिच्या आतले थर नाहीत. दोन कोन एकत्र येतात हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मग टेप सोडून दुसरा मार्ग नाही का?

जुना_हातोडा

आहे, आणि तो अधिक सरळ आहे. दीड मीटरची काठी घ्यावी, तिच्या डोक्यावर क्लायनोमीटर डिपच्या कोनावर लावावा. काठी थरांना काटकोनात, म्हणजे उभ्या रेषेपासून डिपएवढी कलती धरावी. वरून थरांना समांतर नजर टाकली की समोरच्या उतारावर जिथे नजर टेकते, तो बिंदू पायापासून बरोबर दीड मीटर जाडी वर असतो. तिथे जाऊन उभे राहायचे आणि पुन्हा तेच. चढउतार, वळण यांचे गणित काठी स्वतःच करते. चूक एकाच ठिकाणी होते : विद्यार्थी दमला की काठी सरळ उभी धरतो. म्हणून मोजणाऱ्याच्या बाजूला उभ्या असलेल्याने फक्त काठीचा कल पाहावा.

तिसरी_बाक

मी याच विषयाची माजी विद्यार्थिनी आहे आणि कच्छलाच तृतीय वर्षात आमच्या गटाची एक चूक झाली होती. आमचा छेद बाकीच्या गटांपेक्षा सुमारे तीन मीटर जाड आला. आम्हाला वाटले की तिथे समुद्र अधिक खोल असावा आणि गाळ जास्त साठला असावा. तसे मी वहीत लिहिलेही. रात्री वही वाचताना दिसले की बेलेम्नाइट नावाच्या जीवाश्मांनी भरलेला, गाठीगाठींचा एक थर आम्ही दोनदा लिहिला आहे, आणि दोन्ही वेळा त्याच्या खाली तोच पिवळसर शेल आहे. दुसऱ्या दिवशी परत गेलो तेव्हा मधल्या जागेत पांढऱ्या कॅल्साइटच्या शिरांचा चुरडलेला पट्टा सापडला. तो भ्रंश होता. त्याने तोच खडक पुन्हा वर आणून ठेवला होता. आदल्या दिवशी ती जागा आम्ही 'दगडगोटे' म्हणून लिहून पुढे गेलो होतो.

भूस्तर_मुंबई

हे पत्रात घालते. या डोंगररांगेच्या उत्तर कडेने मोठा भ्रंश जातो, म्हणून लहान भ्रंश जागोजागी असणार. थर पुन्हा आला असे वाटले तर जाडी लिहिण्याआधी मधला पट्टा तपासायचा, असे वाक्य ठेवते.

रविवार_वाचक

'ऊलाइट' म्हणजे माशांच्या अंड्यांचा खडक असे मी वाचले होते. मग त्या समुद्रात एवढे मासे होते का? आणि कच्छचा जो सोनेरी ऊलाइट प्रसिद्ध आहे, तो हाच ना?

तिसरी_बाक

नाव अंड्यावरून पडले हे खरे आहे, कारण कण माशाच्या गाभोळीसारखे दिसतात. पण ती अंडी नाहीत. वाळूचा कण किंवा कवचाचा तुकडा मधे असतो आणि त्याच्याभोवती पातळ पापुद्रे एकावर एक चढतात. सोनेरी ऊलाइट वेगळा आहे, तो धोसाच्या बराच खाली, म्हणजे जुना आहे. दोन्हींत लोह असल्यामुळे रंगावरून गोंधळ होतो. लेरला आपण पाहणार तो तांबूस-तपकिरी असतो.

जुना_हातोडा

आता पत्रातल्या मुख्य प्रश्नाकडे वळू. काळ सर्वांत जास्त कुठे सरला, याचे उत्तर मुले 'सर्वांत जाड थरात' असे देतील. तसे उत्तर आले तर चिडू नका, ते स्वाभाविक आहे. शेलचे पाच मीटर झपाट्याने साठू शकतात, आणि माथ्यावरच्या गोट्यांच्या पातळ थराने लाखो वर्षे पोटात ठेवलेली असू शकतात. ते ओळखायचे तर थरात काय आहे ते पाहावे लागते.

पहिली खूण गोट्यांची. गोटा काळजीपूर्वक पाहावा. त्यात छिद्रे पाडणाऱ्या जीवांची भोके असतात आणि त्याच्या वर शिंपले किंवा नळीवाले किडे चिकटलेले असतात. गोटा सर्व बाजूंनी असा वसलेला असेल, खालच्या बाजूलाही, तर तो तळावर उघडा पडून राहिला होता आणि अधूनमधून उलटला होता. मऊ चिखलाला भोक पाडून शिंपले चिकटत नाहीत. आधी चिखल कडक व्हावा लागतो, मग उघडा पडावा लागतो. म्हणजे साठणे थांबले, घट्ट होणे झाले, वरचा गाळ धुपला आणि मग वस्ती झाली. एवढ्या घटना एका वितीच्या जाडीत मावल्या आहेत.

दुसरी खूण अमोनाइटाची. कवचाच्या आत भरलेला दगड आणि बाहेरचा दगड एकच आहे का, ते भिंगाने पाहावे. आत बारीक गोल कण आणि बाहेर वेगळाच चुनखडक असेल, तर कवच आधी दुसऱ्या गाळात भरले आणि नंतर उकरले जाऊन इथे आले. याहून सुंदर पुरावा म्हणजे अर्धवट भरलेले कवच. त्याच्या पोकळीत चिखल तळाशी साचतो आणि उरलेल्या जागेत नंतर स्फटिक भरतात. दोहोंमधली रेषा त्या वेळची आडवी पातळी असते. ती रेषा आजच्या थराशी समांतर नसून वाकडी असेल, तर कवच चिखल घट्ट झाल्यावर हलले. असे कवच ज्या थरात सापडते, त्या थराचे वय सांगू शकत नाही.

भूस्तर_मुंबई

हे शेवटचे वाक्य आमच्या अभ्यासक्रमाच्या मुळाशी आहे. स्टोलिचका यांनी कच्छचे जुरासिक खडक पच्छम, चारी, कटरोल आणि उमिया असे विभागले, आणि वागेन यांनी १८७३ ते १८७५ मध्ये तिथल्या अमोनाइटांचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्या नमुन्याचा थर लिहिलेला नाही त्यापुढे आजही अडायला होते, म्हणून सुट्या दगडाला क्रमांक न देण्याचा नियम मी कडक ठेवला आहे.

पण मुलांनी विचारले की गोटे तिथे उकरले कोणी, तर मी काय सांगू? मी आजवर वादळांनी आणि समुद्र उथळ झाल्यामुळे असे सांगत आले.

जुना_हातोडा

इथे मी तुमच्याएवढा निश्चिंत नाही. लेरच्या परिसरात मला असे काही मोठे, कोनदार दगड दिसले, जे लाटांनी फार दूर वाहिल्यासारखे वाटत नाहीत. तळाखालचा भ्रंश त्याच काळात हलला असेल आणि उंचावलेला भाग ढासळला असेल, असे म्हणणाऱ्यांचे मत मला गंभीर वाटते. याउलट, हाच गोट्यांचा थर कच्छभर दूरवर सापडतो, आणि एवढ्या विस्तारासाठी समुद्रपातळीतला बदल सोपे कारण ठरतो. कदाचित दोन्ही असतील. मुलांना एकच मत देण्यापेक्षा गोट्यांचा आकार, कोनदारपणा आणि थराची जाडी प्रत्येक गटाने वेगळी नोंदवावी; भ्रंशाजवळ कोनदार दगड वाढतात का, ते एका लहान नकाशावर दिसेल.

तिसरी_बाक

मला मात्र वादळाचेच कारण पटते, कारण आमच्या वेळी पाहिलेल्या जागेत गोटे बरेच गोल होते. पण ती जागा लेरहून दूर होती, हेही मान्य करते.

एक व्यावहारिक गोष्ट : चुनखडक तपासण्यासाठी सौम्य आम्ल रेल्वेत नेता येत नाही. ते भुजमध्येच घ्यावे. नाहीच मिळाले तर खडकाची पूड करून तिच्यावर व्हिनेगर टाकले तरी बुडबुडे दिसतात, फक्त भिंग जवळ धरावे लागते.

भूस्तर_मुंबई

पत्रात असे बदल करते. 'छेद' ऐवजी 'स्तरछेद'. ४२ मीटरच्या उदाहरणाखाली वळणाचे आणि दोन्ही उतारांचे आकडे, आणि टेपऐवजी काठी; सात काठ्या मी इथूनच दीड मीटरला कापून घेईन, म्हणजे दोन मोडल्या तरी प्रत्येक गटाला एक पुरेल. थर पुन्हा आल्यास काय करायचे ते. आणि गोट्यांच्या थरासाठी वेगळे पान : आकार, कोनदारपणा, कोणत्या बाजूंनी भोके, कवचातला भराव, पातळीची रेषा. वादळ की भ्रंश, हे पत्रात लिहीत नाही.

तृतीय_वर्ष_मुंबई

मॅडम, मी याच वर्गातली आहे. गोट्यांचा थर काही ठिकाणी वितीएवढा आणि काही ठिकाणी त्याहून पातळ असेल, तर लॉगमध्ये, म्हणजे थरांच्या उभ्या आलेखात, कोणती जाडी लिहायची? आणि एकाच गोट्यात भोके असतील पण खालची बाजू थरात रुतलेली असेल, तर तो न काढता खालची बाजू कशी पाहायची?

भूस्तर_मुंबई

जाडी किमान आणि कमाल अशी दोन्ही लिही, आणि लॉगमध्ये थराची वरची व खालची कड सरळ न काढता लहरी काढ; सरासरी लिहिलीस तर थर असमान आहे हीच माहिती हरवेल. रुतलेला गोटा काढायचा नाही. ओढ्याच्या काठाने पुढे चालत जा. त्याच थरातले काही गोटे पाण्याने खालून मोकळे केलेले असतात आणि थराला अजून चिकटलेले असतात, त्यांची खालची बाजू आरशाने पाहता येते. एक लहान आरसा प्रत्येक गटाने आणावा, हेही पत्रात घालते.